वरची फीत

सुबोध सरांचं शीड दुरुस्त होऊन गेलं त्याला तीन आठवडेही झाले नव्हते, आणि बुधवारी ते पुन्हा साकीनाक्याच्या कारखान्यात येऊन पडलं. सोबत चिठ्ठी नव्हती. सरांनी जे काय बोलायचं ते भाऊंना फोनवर सुनावलं होतं.

भाऊंचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखालचा एक लांबोडका गाळा. ट्रकच्या ताडपत्र्या, रिक्षांचे हुड, मंडपाची कापडं, असा सगळा जाड शिवणीचा धंदा. त्यातच वर्षाकाठी दहाबारा शिडं दुरुस्तीला येत. ती सगळी मालनच्या मशीनवर जात, कारण ते पांढरं, कडक, कागदासारखं वाजणारं कापड हाताळायला हात शांत लागतो. मालन परब चारकोपला राहायची. बावीस वर्षं ती भाऊंकडे होती आणि तिच्या हातचं काम परत येणं ही गोष्ट गाळ्यात कुणाला आठवत नव्हती.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"म्हणाले, बोट मंदावली. शिडाचा आकार बिघडवला तुम्ही. आधी सात बोटींत तिसरे यायचे, आता सहावे आले."

"वीतभर ठिगळानं आकार बिघडतो?"

"मला काय विचारतेस? मी कधी बोटीत बसलोय?" भाऊ म्हणाले. "बघून घे एकदा. येत्या रविवारी त्यांची शर्यत आहे."

तिनं गाळ्याच्या मधली जागा झाडून घेतली आणि शीड पसरलं. मागची कड फाटली होती ती जागा तिच्या लक्षात होती. शिडाच्या मागच्या कडेला चार खिसे असतात, त्यांत चपट्या काठ्या सरकवतात. वरून दुसऱ्या खिशाच्या जरा खाली कड उसवून फाटली होती. तिथं तिनं दोन्ही बाजूंनी ठिगळ लावून नागमोडी टाके घातले होते. ते तसेच होते, एक धागा सुटला नव्हता. कडेच्या दुमडीतून, परकराच्या नेफ्यातून नाडी जावी तशी, एक बारीक दोरी जाते. तिनं खालून ती ओढून पाहिली. दोन बोटं सरकली. चारही काठ्यांच्या टोकाला एकेक रेशमी फीत लटकत होती. दुरुस्तीच्या वेळी अडचण नको म्हणून तिनं दोन फिती काढल्या होत्या आणि पुन्हा होत्या तिथंच लावल्या होत्या. त्या कशासाठी असतात हे तिला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

दोन तास ती गुडघ्यांवर रांगत शिडाभोवती फिरली. काही सापडलं नाही.

"भाऊ, जमिनीवर कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "झंपर खुंटीवर बरोबरच दिसतो. बाईनं घातला की कळतं कुठं खेचतोय. मला हे डोलकाठीवर चढवलेलं बघायचंय."

"म्हणजे समुद्रात जाणार?"

"जाईन की."

भाऊंनी सरांना फोन लावला. सर म्हणाले, शनिवारी अकरा वाजता मार्व्याला या, सराव आहे.

शनिवारी ती शीड घेऊन रिक्षानं मार्व्याला पोचली तेव्हा मनोरीची फेरीबोट सुटत होती. भरती होती. खाडीत नांगरलेल्या पाचसहा बोटींपैकी एकीवर सुबोध सर दिसले. पन्नाशीचे, अंधेरीला आर्किटेक्ट, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर 'अडला हरी' असा भाव. त्यांच्या बोटीचं नाव 'टिटवी'. मालनला किनाऱ्यावरून होडीत घालून न्यायला अक्षता आली होती. अक्षता सुर्वे, पंचवीस-सव्वीसची, कांदिवलीच्या एका बँकेत कामाला, आणि शनिवार-रविवार सरांची जोडीदार.

"पोहता येतं, ताई?" तिनं लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत विचारलं.

"आजोबांचा मचवा होता देवगडला. मी विहिरीत शिकले."

"मग झकास. बोट कलली तर घाबरू नका. ती कलतेच."

शीड वर चढलं. मालननं मान वर केली. गाळ्यात जे कापड तिच्या गुडघ्याखाली निपचित पडलेलं असायचं ते वाऱ्यानं भरून पोट काढून उभं होतं. तिला ते एकदम ओळखू आलं नाही. मग ठिगळ दिसलं, आणि ओळख पटली.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडल्यावर उजव्या हाताला गोराईच्या पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसायला लागला. वारा वायव्येकडून, अगदी बेताचा. सर सुकाणूला बसले. त्यांच्या हातात एक जाड दोरीही होती.

"ही मेनशीट," अक्षता म्हणाली. "शीट म्हणजे कापड नाही हां ताई, दोरी. मोठ्या शिडाच्या खालचा जो आडवा बांबू आहे, बूम, त्याला ही खेचून धरते."

"दामण," मालन म्हणाली. आजोबांचा शब्द तोंडात आपसूक आला. "आणि हे लोकरीचे धागे कसले?"

पुढच्या लहान शिडाच्या पुढच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना लोकरीचे तुकडे चिकटवलेले होते. अलीकडचा लाल दिसत होता, पलीकडच्याची सावली कापडातून दिसत होती.

"टेलटेल. चुगलखोर. वारा शिडावरून कसा जातोय त्याची चुगली करतात. दोन्ही सरळ मागे वाहिले की सगळं नीट. अलीकडचा फडफडून वर उठला तर आपण वाऱ्यात जास्त घुसलोय, बोट थोडी वाऱ्यापासून दूर वळवायची, नाहीतर शीड आत ओढायचं. पलीकडचा गडबडला तर उलटं. शीड फार आवळलंय, सैल सोडायचं, नाहीतर बोट वाऱ्याकडे घ्यायची."

मालन बघत राहिली. सरांचा हात सुकाणूवर बारीक हलायचा आणि दोन्ही धागे सरळ राहायचे. माणूस त्यात तरबेज होता.

थोड्या अंतरावर 'मैना' नावाची तशीच, त्याच मापाची बोट चालली होती. तिचा मालक नितेश. दोन्ही बोटी एकाच दिशेनं निघाल्या आणि दहा मिनिटांत मैना बोटीच्या दोन लांब्या पुढे गेली.

"बघितलंत?" सर म्हणाले. "सुकाणू बरोबर आहे, पुढचं शीड बरोबर आहे. राहिलं काय? मोठं शीड." आणि त्यांनी मेनशीट आणखी करकचून ओढली. बूम खाली दबला.

मालननं मोठ्या शिडाच्या मागच्या कडेकडे पाहिलं. चार फिती. खालच्या दोन सरळ मागे उडत होत्या. वरच्या दोन दिसतच नव्हत्या. मध्येच एखादी टोक बाहेर काढायची आणि पुन्हा शिडामागे लपायची.

"ह्या फितीपण चुगलखोरच का?"

"हो," अक्षता म्हणाली. "ह्या मागे उडायला हव्यात. लपल्या म्हणजे तिथला वारा कापडापासून सुटलाय, कड फार आवळलीय. सगळ्यात वरची निम्मा वेळ लपली तर चालतं. इतक्या कमी वाऱ्यात तीही उडतीच हवी." मग ती सरांकडे न बघता म्हणाली, "मी मागच्या शनिवारीही म्हटलं होतं."

"शीड बिघडलंय म्हणून लपतात," सर म्हणाले.

सर दोरी ओढत तेव्हा काय होई ते मालन बघत होती. दोरी बूमला आत ओढत होती, पण त्याहून जास्त ती त्याला खाली ओढत होती, आणि बूम खाली गेला की शिडाची मागची कड वरपर्यंत तारेसारखी ताठ होत होती. मंडपाच्या कापडाचं एक टोक जास्त खेचलं की दुसरीकडे पन्हळ पडते, तशी. कापडाला वरच्या बाजूला जरा बाहेर वळायचं होतं आणि दोरी त्याला वळू देत नव्हती.

"सर, ही दोरी थोडी सैल केली तर?"

"सैल केली की बूम बाहेर जातो. बूम बाहेर गेला की बोट वाऱ्याकडे तोंड करून चालत नाही. तिरपं जावं लागतं, अंतर वाढतं."

"बूम बाहेर जाऊ न देता, फक्त खालचा ताण कमी करता येत नाही?"

अक्षता हसली. "त्यासाठीच ट्रॅव्हलर असतो ताई." तिनं बोटीच्या मधोमध आडवा बसवलेला रूळ दाखवला. रुळावर एक छोटा गाडा होता आणि मेनशीटचं खालचं टोक त्या गाड्याला अडकवलेलं होतं. "हा गाडा डावी-उजवीकडे सरकतो. पण आमचा गाडा कायम मधोमध बांधलेला. सर म्हणतात, एकाच वेळी दहा दोऱ्या कशाला."

सर मैनेकडे बघत होते. ती आता तीन लांब्या पुढे होती.

"कर काय करायचं ते," ते म्हणाले.

गाड्याची दोरी खारानं कडक झाली होती. अक्षतानं पाय रोवून ती सोडवली आणि गाडा वाऱ्याच्या बाजूला, ते तिघं बसले होते त्या कडेपर्यंत जवळजवळ, ओढला. "आता मेनशीट सोडा सर. आणखी. आणखी थोडी." बूम वर उचलला गेला, पण गाडा वाऱ्याच्या बाजूला सरकल्यामुळे तो बाहेर गेला नाही, बोटीच्या मध्यावरच राहिला. वर मात्र कड सैल झाली, शिडाचा माथा हलकेच बाहेर वळला, आणि सगळ्यात वरची फीत शिडामागून बाहेर येऊन सरळ मागे उडायला लागली.

सुकाणूजवळच्या वेग दाखवणाऱ्या यंत्रावर तीन पूर्णांक आठ नॉट दिसत होते. त्याचे चार झाले, चार पूर्णांक दोन झाले. पाण्याचा आवाज बदलला.

"ठीक आहे," सर म्हणाले. "माझी चूक. मान्य. पण मग मला एक सांगा. मी आवळतो तर आधीपासून आवळतोय. शीड फाटायच्या आधीही गाडा मधेच होता. तेव्हा आम्ही तिसरे कसे यायचो?"

प्रश्न रास्त होता. तो मालनच्याही मनात आला होता.

तिनं पुन्हा वर पाहिलं. पहिली फीत उडत होती. तिसरी, चौथी उडत होती. दुसरी, तिच्या ठिगळाच्या वरची, अजून आत वळत होती. आणि तिथली कड सरळ नव्हती. तळहाताची कड किंचित आत मुडपावी तशी ती वाऱ्याच्या बाजूला मुडपलेली होती. ठिगळाच्या खाली कड गुळगुळीत. ठिगळापासून वर मुडप.

"अक्षता, ह्या कडेतल्या नाडीचं खालचं टोक कुठं बांधलंय?"

"लीच लाइन? इथं, बूमजवळ."

"ती पूर्ण सोडून बघ."

अक्षतानं सोडली. ठिगळाखालची कड भुरभुरली. ठिगळाच्या वर काही फरक पडला नाही.

तेव्हा मालनला कळलं. नाडी तिच्या टाक्यात अडकली होती. ठिगळ लावताना तिनं बोटानं नाडी बाजूला सारली होती, पण दुमडीत ती परत सरकून सुईखाली आली असणार, आणि आली तीही ताणलेली. खालच्या अर्ध्या भागाची नाडी मोकळी होती, म्हणून गाळ्यात ओढल्यावर दोन बोटं सरकली आणि तिला वाटलं सगळी मोकळी आहे. वरचा अर्धा भाग मात्र कायमचा आवळून बसला होता. परकराच्या नाडीवर टाका पडू नये हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिनं स्वतः किती पोरींना शिकवलं होतं.

सर मैनेकडे बघत होते. अंतर वाढायचं थांबलं होतं आणि त्यांचा चेहराही निवळला होता. गाड्यानं काम भागलं होतं. दुसरी फीत का लपते हे त्यांनी विचारलं असतं तर जुनं कापड आहे, वाऱ्यानं ताणलंय म्हणून सांगता आलं असतं, आणि ते खोटं आहे हे ओळखणारं माणूस बोटीत दुसरं नव्हतं. मालननं हा विचार केला नाही असं नाही. केला. पण वर ती कड मुडपलेली दिसत होती, आणि नजर तिथून हटेना.

"सर, चूक माझीपण आहे," ती म्हणाली. "ठिगळाखाली नाडी शिवली गेलीय माझ्या हातून. आधी तुम्ही आवळत होतात तरी वरची कड थोडी तरी सुटत होती. ह्या नाडीनं तीही बंद केली. तुम्ही फोनवर म्हणालात ते खोटं नव्हतं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. रागावतील असं तिला वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "परत नेऊन शिवावं लागेल? उद्या शर्यत आहे."

"शीड खाली घ्या. इथंच करते."

तिच्या पर्समध्ये टाके उसवायची छोटी सुरी, सुई आणि मेणाचा दोरा होता. बावीस वर्षांत ती त्याशिवाय घराबाहेर पडली नव्हती. सरांनी बोट वाऱ्याकडे वळवली, अक्षतानं शीड उतरवलं, आणि ते कडकड वाजत मालनच्या मांडीवर आलं. पुढचं शीड सैल फडफडत होतं, बोट जागच्या जागी डुलत होती. मान खाली घालून बारीक टाके बघताना तिला मळमळायला लागलं. ती दोनदा थांबली, क्षितिजाकडे बघून श्वास घेतला आणि पुन्हा वाकली. कडेलगतचे चार बोटं टाके उसवले. नाडी खरंच तिथं होती, दोन टाक्यांनी आरपार टोचलेली. तिनं टाके कापले. नाडी सुर्रकन वर सरकली, जणू इतके दिवस वाटच बघत होती. मग नाडी अंगठ्याखाली दाबून दूर धरत तिनं ती चार बोटं हातानं शिवली, दुहेरी, आवळून, आणि नाडी वरून खालपर्यंत तीनदा ओढून पाहिली.

"शर्यतीपुरतं टिकेल," ती म्हणाली. "नंतर मशीनवर घ्यायला लागेल."

शीड पुन्हा चढलं तोवर दीड वाजून गेला होता आणि वारा चांगला वाढला होता. पाण्यावर काळपट सुरकुत्या धावत येत होत्या. चारही फिती मागे उडत होत्या. पण आता बोट कलायला लागली. सुकाणू जड झालं, सर दोन्ही हातांनी ते धरून बसले. झोत आला की ते मेनशीट सोडायचे. शीड वरून फटाफट हलायचं, बोट सरळ व्हायची आणि वेग मरायचा. मग पुन्हा ओढायचे.

"आता उलटं करायचं," अक्षता म्हणाली. "एवढ्या वाऱ्यात मेनशीट आवळलेलीच ठेवा सर, नाहीतर माथा फारच उघडतो. झोत आला की फक्त गाडा खाली सोडायचा. शीड आहे त्याच आकारात बाहेर जातं. ताई, तुम्ही घ्या ही दोरी. मला पुढचं शीड बघायचंय."

मालननं गाड्याची दोरी घेतली. तिला वाटलं होतं की काळपट सुरकुती बोटीपर्यंत आली की सोडायचं. पहिल्यांदा तिनं उशीर केला आणि पाणी कडेवरून आत आलं. दुसऱ्यांदा फार सोडलं, शिडाची पुढची बाजू आत खळगा पडल्यासारखी उलटी फुगली. "वीतभरच," सर म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं वीतभर सोडलं. बोट कलता कलता थांबली आणि कलण्याऐवजी पुढे सरकली. झोत गेला, तिनं गाडा हळूच परत ओढला. फितींकडे तिची एक नजर कायम होती. त्या उडतच राहिल्या.

"सुकाणू आता दोन बोटांनी धरता येतंय," सर म्हणाले.

अर्ध्या तासानं मैना त्यांच्या बरोबरीला होती. नितेशनं पलीकडून ओरडून विचारलं, नवीन शीड घेतलंत काय. सर म्हणाले, नाही, जुनंच.

परत येताना मालनचे तळहात दोरीनं सोलवटले होते. सरांनी थर्मासमधला चहा दिला. पहिला पेला तिला, मग अक्षताला.

सोमवारी तिनं भाऊंना सगळं सांगितलं. आधी नाडीचं आणि मग गाड्याचं, ह्याच क्रमानं. भाऊंनी चष्मा काढून पुसला.

"तू नाडी शिवलीस?"

"शिवली."

"आणि त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं."

भाऊंनी चष्म्याची काच उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "सर सकाळीच बोलले माझ्याशी. चौथे आले. म्हणत होते, दुसरे आले असते, खुणेसाठी पाण्यात पिंपं सोडलेली असतात, त्यातल्या शेवटच्या पिंपाला वळताना घाई केली आणि पिंपाला घासले, दंड म्हणून गोल फिरावं लागलं. शिडाबद्दल तक्रार नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि विचारत होते, शनिवारी तू मोकळी असतेस का. गाड्याच्या दोरीला माणूस हवंय त्यांना."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, तिलाच विचारा. मी काय तिचा मुकादम आहे?"

मशीनवर एका रिक्षाचं हुड अर्धवट पडलं होतं. मालननं ते पुढे ओढलं. सोलवटलेल्या तळहाताला रेक्झिन झोंबलं, तशी तिनं बोटांना चिंधी गुंडाळली आणि मशीनचं पायडल दाबलं. दुपारी जेवायच्या सुट्टीत ती गाळ्याबाहेर आली आणि तिनं सरांना फोन लावला. दोन शनिवार जमेल, म्हणाली, तिसऱ्याला घरी पूजा आहे.